वाचनांचा भार

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना अडाण नदीच्या परिसरात लागणारे बोरी अरब हे माझे गाव, आणि पाण्याच्या रासायनिक तपासणीत माझी नोकरीची वर्षे गेली असल्यामुळे, गावच्या आडाचे पाणी तोंडाला लावतानाही त्यात काय विरघळले असेल हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. आमच्या जिल्ह्यात या विचाराला सबळ कारण आहे. काळ्या जमिनीच्या खाली बसाल्टचा कठीण थर, त्याच्या भेगांत दीर्घकाळ मुरलेले पाणी, आणि त्या पाण्यात काही भागांत आरोग्याला बाधक होईल इतके फ्लोराइड, ही यवतमाळ जिल्ह्याची जुनी व्यथा असून, पांढरकवडा परिसरातील भूजलाविषयी २००७ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानंतर तिची शास्त्रीय दफ्तरात रीतसर नोंदही झालेली आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत, फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोतच उपलब्ध नसेल तर सोसावयाची कमाल मर्यादा १.५ मिलिग्रॅम ठरविलेली आहे. १.२ आणि १.६ या दोन आकड्यांमध्ये कागदावर फारसे अंतर दिसत नाही. परंतु एका आकड्याने बोअरवेल चालू राहते आणि दुसऱ्याने ती पिण्यासाठी बंद करण्याची शिफारस करावी लागते.

हा आकडा यंत्रातून आयता बाहेर पडत नाही, ही गोष्ट प्रयोगशाळेच्या बाहेरील लोकांना सहसा ठाऊक नसते. आमच्याकडील आयन क्रोमॅटोग्राफ पाण्यातील फ्लोराइड, क्लोराइड, नायट्रेट, सल्फेट हे घटक एकामागून एक वेगळे करून प्रत्येकाचे एक शिखर कागदावर उमटवितो, आणि त्या शिखराचे क्षेत्रफळ एवढाच एक आकडा आपल्या हाती देतो. त्या क्षेत्रफळाचे मिलिग्रॅममध्ये रूपांतर करण्यासाठी, ज्यांची तीव्रता आपणांस आधीच माहीत आहे अशी प्रमाण द्रावणे यंत्रातून चालवून तीव्रता आणि क्षेत्रफळ यांचे नाते सांगणारी एक सरळ रेषा काढावी लागते. तिलाच आम्ही कॅलिब्रेशनची रेषा म्हणतो. वाळविलेले सोडियम फ्लोराइड २२१ मिलिग्रॅम तोलून एक लिटर पाण्यात विरघळविले की लिटरला १०० मिलिग्रॅम फ्लोराइडचे मूळ द्रावण तयार होते. ते काचेच्या नव्हे तर प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवावयाचे, आणि त्यातून ०.१, ०.५, १, २, ५ व १० मिलिग्रॅमची सहा द्रावणे करावयाची, असा आमचा परिपाठ होता.

एका उन्हाळ्यात जिल्ह्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतून नमुन्यांच्या पेट्या येत असताना जो प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला, त्याचे आकडे समजण्याच्या सोयीसाठी थोडे गोल करून येथे मांडते. सहा प्रमाण द्रावणांची क्षेत्रफळे चढत्या क्रमाने १.०२, ४.९०, १०.२, १९.८, ५१.० आणि ९७.० अशी आली होती. संगणकाने त्यांतून नेहमीच्या लघुतम वर्गांच्या रीतीने रेषा काढली: उतार ९.७४१, छेद ०.४५६, आणि सहसंबंध गुणांक ०.९९९७. कोणत्याही तपासणी अधिकाऱ्याने समाधानाने सही करावी असेच हे आकडे होते.

त्याच दिवशीच्या नमुन्यांत एका बोअरवेलचे पाणी असे होते की त्यातील क्लोराइड आणि नायट्रेट आमच्या रेषांच्या पलीकडे जात होते. म्हणून माझ्या सहायकाने ते दहापट विरल करून सर्व घटक एकाच वेळी मोजले होते. विरल नमुन्याच्या फ्लोराइडचे क्षेत्रफळ १.६१ आले, रेषेने त्याचे ०.११८ मिलिग्रॅम केले, आणि दहाने गुणून तक्त्यात १.१८ हा आकडा लिहिला गेला. म्हणजे इष्ट मर्यादेच्या वर, पण सोसावयाच्या मर्यादेच्या आत. मुलगा कामात चोख होता. त्याने सवयीप्रमाणे तेच पाणी विरल न करताही एकदा यंत्रावर चालविले होते, आणि त्या वेळी क्षेत्रफळ १५.९ येऊन उत्तर १.५९ निघाले होते.

“ताई, पाणी एकच, रेषा एकच, अन्‌ उत्तरं दोन,” तक्ता माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला. “पिपेटचा दोष असेल म्हणावं, तर सल्फेटचा हिशेब बरोबर जुळतोय.”

त्याचा हा तर्क अत्यंत मार्मिक होता. विरलनात चूक झाली असती तर तिची झळ सर्वच घटकांना सारखी लागली असती. एकट्या फ्लोराइडचेच उत्तर खाली यावे याचा अर्थ दोष पाण्याच्या मापात नसून रेषेच्या खालच्या टोकात होता. म्हणून आम्ही दोघांनी एक साधा हिशेब मांडला, जो प्रत्येक प्रयोगशाळेने रोज मांडावा असे माझे मत आहे. ज्या द्रावणांवरून रेषा काढली, त्यांचीच क्षेत्रफळे त्या रेषेत परत घालून ती आपली तीव्रता किती सांगतात हे पाहिले. १ मिलिग्रॅमचे द्रावण तंतोतंत १ आले, २ चे १.९९ आले, १० चे ९.९१ आले. परंतु ०.५ मिलिग्रॅमचे द्रावण स्वतःला ०.४५६ म्हणवीत होते, आणि ०.१ मिलिग्रॅमचे अवघे ०.०५८, म्हणजे खऱ्या तीव्रतेहून सुमारे ४२ टक्क्यांनी कमी. आमच्या विरल नमुन्याचे क्षेत्रफळ नेमके या दोन द्रावणांच्या मध्ये पडत होते. ज्या जागी रेषा आपल्या स्वतःच्या द्रावणांनाही ओळखत नव्हती, त्या जागी ती परक्या पाण्याचा न्याय करीत होती; आणि तरीही सहसंबंध गुणांक ०.९९९७ होता, कारण त्या गुणांकावर वरच्या दोन बिंदूंचा इतका पगडा असतो की खालच्या बिंदूंची दैना त्याच्या चौथ्या दशांशालाही जाणवत नाही.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी वाचने कशी विखुरतात हे पाहणे आवश्यक आहे. आमच्या यंत्रावर एकच द्रावण पुनःपुन्हा चालविले असता क्षेत्रफळ थोडे मागेपुढे होते, आणि हा मागेपुढेपणा तीव्रतेच्या प्रमाणात वाढतो. ०.१ च्या द्रावणाचे क्षेत्रफळ १ च्या आसपास येत असून त्यात सुमारे ०.०२५ चा फरक पडतो. १० च्या द्रावणाचे १०० च्या आसपास येते आणि त्यात सुमारे २.५ चा फरक पडतो. टक्केवारीत पाहिले तर दोन्ही ठिकाणी अडीच टक्के, परंतु प्रत्यक्ष क्षेत्रफळात पाहिले तर शंभरपट अंतर. यंत्रात जाणाऱ्या नमुन्याचे आकारमान, पंपाचा प्रवाह, द्रावण करतानाचे मापन या सर्वांतील चुका स्वभावतः टक्केवारीच्या असतात, हे त्याचे कारण होय.

आता नेहमीची लघुतम वर्गांची रीत या सहा वाचनांकडे कोणत्या दृष्टीने पाहते? लेजांद्रने १८०५ साली प्रसिद्ध केलेली आणि गाउसने १८०९ साली संभाव्यतेच्या पायावर उभी केलेली ही रीत, प्रत्येक बिंदूचे रेषेपासूनचे उभे अंतर घेऊन, त्याचा वर्ग करून, सर्व वर्गांची बेरीज शक्य तितकी लहान करते. तीत सर्व अंतरांना एकच मोल असते. १० च्या द्रावणाचे वाचन त्या दिवशी ३ एककांनी खाली आले होते, जे त्याच्या स्वभावाला धरूनच होते. परंतु ३ चा वर्ग ९, आणि खालच्या वाचनाने आपल्या क्षेत्रफळाच्या निम्म्याइतके अंतर सोसले तरी त्याचा वर्ग पाव एककाच्याच आसपास. बेरीज लहान करावयाची तर रेषा वरच्या बिंदूकडे झुकणार आणि त्याची भरपाई खालच्या बिंदूंकडून वसूल करणार, हे क्रमप्राप्तच होते. शिवाय वरचा बिंदू इतरांपासून दूर एकटा उभा असतो, आणि पहारेच्या लांब टोकावर दिलेला हलका दाबही जसा मोठा धोंडा हलवितो, तसे त्या एकट्या बिंदूचे अडीच-तीन टक्के रेषेचा छेद शून्याजवळून उचलून ०.४५६ वर नेऊन ठेवतात. ०.१५ मिलिग्रॅमच्या पाण्याचे एकंदर क्षेत्रफळच दीड, आणि त्यातून जवळजवळ अर्धे एकक विनाकारण वजा. मग उत्तर खाली आले यात नवल नाही.

याच रेषेने आपल्या अनिश्चिततेविषयीही तितकेच दिशाभूल करणारे विधान केले होते. बिंदूंच्या अंतरांवरून काढलेले तिचे प्रमाण विचलन सुमारे १.०६ एकक, म्हणजे लिटरला ०.११ मिलिग्रॅम, येत होते, आणि रेषेच्या मते ते सर्वत्र सारखेच होते. १० मिलिग्रॅमजवळ इतकी अचूकता यंत्राला कधीच नव्हती. ०.१६ जवळ मात्र यंत्र त्याहून कितीतरी अधिक अचूक होते, आणि दहापट विरलनानंतर हेच ०.११ मूळ पाण्यात १.१ मिलिग्रॅम होते; अहवालात १.१८ अधिक-उणे १.१ असे लिहावयाचे, तर तो अहवाल पाठविण्यात काहीच अर्थ उरत नाही.

यावर उपाय जुना आहे. प्रत्येक अंतराच्या वर्गाला, बेरजेत घेण्यापूर्वी, त्या वाचनाच्या विचरणाच्या व्यस्त प्रमाणात भार द्यावयाचा. निरीक्षणांची विश्वसनीयता विषम असेल तर त्यांना विषम भार द्यावा हे खगोलशास्त्रज्ञ पूर्वीपासून जाणत होते, आणि एटकिन या गणितज्ञाने १९३५ साली त्याचे सर्वसाधारण रूप मांडले. आमच्या यंत्रावर प्रमाण विचलन तीव्रतेच्या प्रमाणात वाढते, म्हणून विचरण तिच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि भार होतो `1/x²`. ०.१ च्या द्रावणाला १००, १० च्या द्रावणाला ०.०१: दहा हजारपट अंतर ऐकताना अवास्तव वाटते, परंतु शंभरपट विखुरणाऱ्या वाचनाचा तो यथायोग्य हिशेब आहे.

या भाराची एक सोय अशी की त्यासाठी वेगळी आज्ञावली लागत नाही. रेषेचे समीकरण `y = a + bx` असेल आणि प्रत्येक पद त्याच्या तीव्रतेने भागले, तर `y/x = b + a·(1/x)` असे समीकरण मिळते, ज्यात सर्व वाचने सारखीच विखुरतात. म्हणून त्यावर नेहमीची बिनभाराची रीत निर्धास्तपणे लावावी. सहायकाला हे पटविण्यासाठी मी त्याला सहा भागाकार हाताने करावयास लावले: १०.२, ९.८, १०.२, ९.९, १०.२, ९.७. ज्या आकड्यांत एकापासून सत्त्याण्णवापर्यंतचे अंतर होते ते भागल्याबरोबर दहाच्या भोवती एकाच पट्ट्यात येऊन बसले, आणि वरचा बिंदू इतरांहून बिघडलेला नाही, तो फक्त मोठा आहे, हे कोणी न सांगता त्याच्या ध्यानात आले. यातून निघणारी रेषा: उतार ९.९४५, छेद ०.०२४. संगणकावर आर या आज्ञावलीत हेच काम एका ओळीत होते:

```
lm(y ~ x, weights = 1/x^2)
```

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आरला विचरणाचा व्यस्त द्यावा लागतो. पायथनमधील `numpy.polyfit` मात्र प्रमाण विचलनाचा व्यस्त मागते, म्हणून तेथे याच भारासाठी `w=1/x` लिहावे लागते. एकीकडचे सूत्र दुसरीकडे तसेच उतरविले तर भाराचा वर्ग किंवा वर्गमूळ होते, आणि संगणक तक्रार करीत नाही.

नव्या रेषेत द्रावणे परत घातली तेव्हा ०.१ चे ०.१००, ०.५ चे ०.४९०, १ चे १.०२, ५ चे ५.१३ आणि १० चे ९.७५ आले. कोणतेही द्रावण सुमारे अडीच टक्क्यांच्या पलीकडे गेले नाही. वरच्या टोकाचा नेमकेपणा किंचित कमी झाला, आणि तो कमी होणेच रास्त होते. विरल नमुन्याचे १.६१ क्षेत्रफळ या रेषेत ०.१५९ झाले, म्हणजे मूळ पाण्यात १.५९, आणि अविरल नमुन्याचे १५.९ क्षेत्रफळ १.६० झाले. दोन वाटांनी जाऊन पाणी एकाच ठिकाणी पोहोचले. विरलनाची ही परीक्षा मला कोणत्याही सांख्यिकी कसोटीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते, कारण तिच्यात रेषेचे दोन दूरचे भाग एकमेकांची साक्ष तपासतात.

आमचे प्रमुख अनुभवी गृहस्थ होते, आणि त्यांची शंका रास्त होती. “बाई, गुणांक तीन नऊंच्या घरात आहे. आता भार बदलून उत्तर मर्यादेच्या वर नेलंत, तर उद्या कोणी विचारील की हवं ते उत्तर येईपर्यंत तुम्ही भार बदलता काय?” मी त्यांना सांगितले की, “साहेब, भार या नमुन्यावरून ठरवलेला नाही. नमुना बाजूला ठेवा, सहा द्रावणं पाहा.” तीन रीतींनी द्रावणे परत मोजून त्यांच्या टक्केवारीच्या चुकांची बेरीज, चिन्ह सोडून, मी त्यांच्यापुढे ठेवली: बिनभाराने सुमारे ५६, `1/x` भाराने १२, आणि `1/x²` भाराने १०. शेवटच्या दोहोंत एका दिवसाच्या वाचनांवरून निवड करणे धाडसाचे आहे, हे मीही मान्य केले. परंतु पहिल्या रीतीचा त्याग करण्यास एवढा पुरावा पुरेसा होता. त्यांनी एक अट घातली, आणि ती योग्य होती: भार कोणता हे पद्धतीच्या नोंदवहीत आगाऊ लिहिले जावे, आणि नमुन्यांची वाचने येण्यापूर्वी त्यावर तारीख पडावी.

भार आगाऊ कसा ठरवावा, हा प्रश्न त्यातूनच आला. प्रत्येक द्रावण तीनदा चालवून, त्या तीन वाचनांचे विचरण काढून, त्याचाच व्यस्त भार म्हणून वापरण्याचा मोह होतो. परंतु तीन वाचनांवरून काढलेले प्रमाण विचलन इतके बेभरवशाचे असते की योगायोगाने तीन वाचने जवळजवळ आलेल्या द्रावणाला अवाजवी अधिकार मिळून रेषा त्याच्या कह्यात जाते. म्हणून आम्ही निरनिराळ्या दिवशीची वाचने जमवून प्रत्येक तीव्रतेचे प्रमाण विचलन काढले, ते तीव्रतेसमोर मांडले, आणि त्याची वाढ सरळ प्रमाणात आहे एवढी एकच गोष्ट त्यातून घेतली. अंतरांचा आलेख पाहण्याचीही सवय लावून घेतली. बिंदू उजवीकडे पंख्यासारखे पसरत असतील तर प्रश्न भाराचा आहे. ते कमानीसारखे वाकत असतील तर रेषाच सरळ नाही, आणि कार्बोनेटचा प्रवाही द्रव वापरणाऱ्या यंत्रांवर असे थोडे वाकणे संभवते. त्याला भार हा उपाय नव्हे; तेथे वक्रच घ्यावा लागतो किंवा पल्ला आखूड करावा लागतो.

भाराने रेषेची सत्ता वरून खाली आणली खरी, पण सत्ता कोठेतरी राहतेच. आमच्या सहा द्रावणांच्या एकंदर भारापैकी सुमारे ९५ टक्के भार एकट्या ०.१ च्या द्रावणाकडे गेला होता. समजा त्या द्रावणाच्या बाटलीत आधीचे फ्लोराइड थोडे शिल्लक राहिले, किंवा फ्लोराइडच्या शिखराआधी पाण्यामुळे पडणाऱ्या खळग्यात यंत्राने आधाररेषा चुकीची ओढली, आणि क्षेत्रफळ १.०२ च्या ऐवजी १.३२ आले. तर छेद ०.३३८ होतो, आणि आमच्या बोअरवेलचे उत्तर १.५९ वरून १.३१ वर उतरते. विशेष ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, अपराधी द्रावण अशा वेळी निर्दोष दिसते: परत मोजल्यास ते ०.१०१ येते, कारण रेषा त्याच्याच मर्जीने काढलेली असते. दोष दिसतो तो शेजारच्या ०.५ मध्ये, जे ०.४६९ वर घसरते. म्हणून त्या प्रसंगानंतर आम्ही दुसऱ्या बाटलीतील सोडियम फ्लोराइडपासून ०.१५ चे एक स्वतंत्र द्रावण करू लागलो, जे रेषेत कधीच घेतले जात नाही, आणि ज्याचे उत्तर दहा टक्क्यांच्या आत आल्याखेरीज त्या दिवसाचा तक्ता पुढे जात नाही. खालची द्रावणे वरच्यांच्या आधी चालविण्याचा नियमही तेव्हाचाच.

बोरी अरबच्या एका आडाचा नमुना त्याच पेटीत होता. त्याचे क्षेत्रफळ ३.०, जुन्या रेषेने ०.२६, नव्याने ०.३०. पिणाऱ्याच्या दृष्टीने या दोहोंत काहीच फरक नाही, आणि अशा निर्धोक पाण्यांचीच संख्या मोठी असल्यामुळे बिनभाराची रेषा वर्षानुवर्षे कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. ती उघडी पडते दहापट विरल केलेल्या नमुन्यात, फ्लोराइड काढून टाकणाऱ्या गाळणीच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात, किंवा एकाच विहिरीचे पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे पाणी तोलून पाहताना.

पुढे कोणीतरी सुचविले की रेषा ०.०२ पर्यंत खाली न्यावी. तेथे `1/x²` ला मुभा देता येत नाही, कारण तीव्रता कितीही घटली तरी आधाररेषेचा स्वतःचा कंप एका मर्यादेखाली घटत नाही. विचरण मग तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात राहत नाही, त्यात एक स्थिर भाग मिसळतो, आणि `1/x²` मात्र त्या ०.०२ च्या द्रावणाला अडीच हजार भार देऊन मोकळा होतो. शून्य तीव्रतेच्या कोऱ्या नमुन्याला तर तो देताच येत नाही. तेवढ्या खोलात जाणे पिण्याच्या पाण्यासाठी आवश्यकही नाही. म्हणून यंत्रावर ०.१ च्या खाली वाचन आले तर आमच्या तक्त्यात आकडा लिहिला जात नाही, ‘०.१ हून कमी’ एवढेच लिहिले जाते, आणि विरल नमुना असेल तर तो कमी विरल करून पुन्हा चालविला जातो.